रिफंडचा बनावट संदेश आणि प्राप्तिकराच्या खऱ्या पोर्टलवर जाण्याची वाट

ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर अनेकांच्या मोबाइलवर एक संदेश येत होता. आपला १५,४९० रुपयांचा प्राप्तिकर रिफंड मंजूर झाला असून ही रक्कम लवकरच आपल्या खात्यात जमा होईल, असे त्यात म्हटलेले असे. त्याखाली एक खाते क्रमांक असे, ज्याचे मधले आकडे झाकलेले आणि सुरुवातीचा व शेवटचे काही आकडे उघडे असत. हा क्रमांक बरोबर नसल्यास दिलेल्या दुव्यावर जाऊन बँक खात्याची माहिती दुरुस्त करावी, अशी सूचना शेवटी असे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने हा संदेश बनावट असल्याचे जाहीर केले. पण त्याच साच्यातले संदेश विवरणपत्रे भरण्याच्या हंगामात अजूनही येत असतात.

या संदेशातला खरा सापळा १५,४९० या रकमेत नसून त्या खाते क्रमांकात आहे. तो क्रमांक आपला नसतोच, आणि तो नसावा अशीच पाठवणाऱ्याची इच्छा असते. आपले पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात चालले आहेत असे दिसले की माणूस ताबडतोब चूक दुरुस्त करायला धावतो. त्यामुळे या फसवणुकीत केवळ लोभी माणसेच अडकतात हा समज मला चुकीचा वाटतो. कागदपत्रे नीट ठेवणारी, प्रत्येक संदेश वाचणारी, चूक दिसली की ती लगेच सुधारणारी माणसेच यात अधिक सहज सापडतात. अशा संदेशाची खात्री कशी करावी, खऱ्या पोर्टलवर कोणत्या वाटेने जावे आणि तिथे रिफंडची स्थिती कशी पाहावी, हे पहिल्यांदाच विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी पुढे क्रमाने दिले आहे.

आधी रिफंड कसा मिळतो ते समजून घ्यावे

रिफंड हे सरकारने अचानक दिलेले बक्षीस नसते. आपल्या उत्पन्नावर जितका कर बसतो त्यापेक्षा जास्त कर टीडीएसच्या किंवा आगाऊ कराच्या रूपाने आधीच भरला गेला असेल, तर ती जादा रक्कम आपण विवरणपत्रात दाखवतो आणि परत मागतो. म्हणजेच रिफंडचा आकडा सर्वप्रथम आपल्याच विवरणपत्रात लिहिलेला असतो. ज्या व्यक्तीने विवरणपत्र भरलेलेच नाही, किंवा ज्याच्या विवरणपत्रात रिफंडच्या रकान्यात शून्य आहे, त्याला आलेला रिफंड मंजुरीचा संदेश तेवढ्यावरच बाजूला ठेवता येतो.

विवरणपत्र भरल्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याचे ई-सत्यापन करावे लागते. आधार क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने हे काम बहुतेक जण करतात. त्यानंतर बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्राची छाननी होते आणि कलम १४३(१) खालील सूचनापत्र ईमेलने येते. रिफंड निघत असेल तर भारतीय स्टेट बँकेमार्फत तो पाठवला जातो, आणि तो जातो पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवलेल्या व रिफंडसाठी निवडलेल्या खात्यातच. या सगळ्या प्रवासात संदेशातील दुव्यावर जाऊन कार्डाचा क्रमांक, पिन किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड देण्याची जागा कुठेच नाही. प्राप्तिकर विभागानेही आपण ईमेलद्वारे अशी गुप्त माहिती मागत नाही असे वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीतील एका निवृत्त शिक्षिकेला आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये ४,२०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळाले आणि एका बँकेतील मुदत ठेवींवर १,२४,००० रुपये व्याज मिळाले. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत बँकेचे वार्षिक व्याज एक लाखाच्या वर गेले की टीडीएस कापला जातो, म्हणून बँकेने दहा टक्के दराने १२,४०० रुपये कापून सरकारकडे भरले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. बाईंनी जुलैमध्ये विवरणपत्र भरले, त्यात १२,४०० रुपये रिफंड दाखवला आणि त्याच दिवशी ओटीपी देऊन सत्यापन केले. ऑगस्टमध्ये त्यांच्या मोबाइलवर १५,४९० रुपयांचा वरचा संदेश आला.

आकडा जुळत नाही, हा पहिला इशारा खराच. परंतु केवळ त्यावर विसंबून राहू नये. वेळेत भरलेल्या विवरणपत्रावरील रिफंडला १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळू शकते. बाईंचा रिफंड सप्टेंबरमध्ये निघाला, तर सहा महिन्यांचे तीन टक्के म्हणजे ३७२ रुपये व्याज धरून १२,७७२ रुपये जमा होतील. खरी रक्कमही अशी थोडी वेगळी येऊ शकते, आणि ठकसेनाने अंदाजाने पाठवलेला आकडा एखाद्याच्या रकमेशी योगायोगाने जुळूही शकतो. म्हणून आकड्याची खात्री संदेशात शोधू नये, ती पोर्टलवर करावी.

बनावट पान आतून कसे असते

अशा दुव्यावर गेल्यास जे पान उघडते ते दिसायला चोख असते. वर राजमुद्रा असते, निळ्या-पांढऱ्या रंगांची मांडणी खऱ्या पोर्टलवरून जशीच्या तशी उचललेली असते, आणि कोपऱ्यातले काही दुवे दाबले तर ते खऱ्या संकेतस्थळावर घेऊनही जातात. पहिल्या पानावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक विचारतात. ही माहिती पोर्टलही विचारते म्हणून इथे कुणाला संशय येत नाही. दुसऱ्या पानावर बँकांच्या बोधचिन्हांची रांग असते आणि 'रिफंड जमा करण्यासाठी आपली बँक निवडा' असे लिहिलेले असते. बँक निवडली की तिच्या नेटबँकिंगसारखे दिसणारे पान किंवा डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे आणि पिन भरण्याचा तक्ता समोर येतो. पैसे जमा होण्यासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढे पुरेसे असते. पिन आणि मागचे तीन आकडे पैसे काढण्यासाठी लागतात. हा एवढा फरक लक्षात राहिला तरी दुसऱ्या पानावरून परत फिरता येते.

तिसऱ्या पानावर ओटीपी मागतात. त्याच वेळी पलीकडे बसलेला माणूस आपण दिलेली माहिती बँकेच्या खऱ्या संकेतस्थळावर भरत असतो, म्हणून ओटीपी खरोखर आपल्या बँकेकडूनच येतो. इथे तो संदेश पूर्ण वाचण्याची सवय कामाला येते. हा ओटीपी कशासाठी आहे, हे बँकेच्या संदेशात लिहिलेले असते: अमुक रकमेची खरेदी, नवीन लाभार्थी जोडणे, किंवा नव्या फोनवर मोबाइल बँकिंग सुरू करणे. पान म्हणते 'रिफंड स्वीकारण्यासाठी ओटीपी द्या' आणि बँकेचा संदेश म्हणतो लाभार्थी जोडण्यासाठी, तर खरे काय चालले आहे ते बँकेच्या संदेशातच दिसते. आपण मात्र सहा आकडे पाहतो आणि आजूबाजूचा मजकूर सोडून देतो, कारण फोनच ते आकडे वर काढून दाखवतो.

याहून घातक प्रकार म्हणजे पानावरून ॲप उतरवून घ्यायला लावणे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 'ड्रिनिक' नावाच्या अँड्रॉइड घातक ॲपबद्दल सूचना काढली होती. एसएमएसमधील दुवा प्राप्तिकर विभागासारख्या दिसणाऱ्या पानावर नेत असे, तिथे पडताळणीच्या नावाखाली एक एपीके फाइल उतरवायला सांगितले जाई, आणि ते ॲप एसएमएस, कॉलची नोंद व संपर्क वाचण्याची परवानगी मागत असे. पानावर माहिती भरली नाही तर तोच तक्ता ॲपमध्ये पुन्हा येई. पुढे ॲप रिफंडची रक्कम दाखवून ती खात्यात वळवण्यास सांगे, आणि बटण दाबताच चूक झाल्याचे दाखवून अद्ययावतीकरण चालू असल्याचा खोटा पडदा समोर ठेवी. तेवढ्या वेळात सगळी माहिती बाहेर गेलेली असे. २७ पेक्षा जास्त बँकांचे ग्राहक याचे लक्ष्य होते. ज्या ॲपला एसएमएस वाचता येतात त्याला ओटीपी मागण्याची गरजच उरत नाही, म्हणून संदेशातून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल कोणत्याही नावाने आली तरी उघडू नये.

पत्ता कसा वाचावा

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचे अधिकृत पोर्टल ७ जून २०२१ पासून पुढील पत्त्यावर आहे:

```
www.incometax.gov.in
```

कोणताही पत्ता वाचताना `https://` नंतर पहिली तिरकी रेघ कुठे आहे ते शोधावे आणि तिथून डावीकडे, म्हणजे उलट वाचावे. त्या रेघेच्या लगेच आधी जे शब्द आहेत ते संकेतस्थळाचे खरे नाव. `gov.in` हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. `co.in`, `org.in`, `net.in` किंवा `com` हे शेवट कुणीही थोड्या पैशांत घेऊ शकतो. आता पुढील पत्ते पाहा. यांतील `example.com` हे नाव केवळ समजावण्यासाठी घेतले आहे.

```
https://eportal.incometax.gov.in/iec/foservices/
https://incometax.gov.in.example.com/refund
https://incometax-gov-in.example.com/
https://incometax.gov.in@example.com/
```

पहिला पत्ता खरा आहे. पहिल्या रेघेआधी `incometax.gov.in` आहे आणि त्याच्या डावीकडचे `eportal` हा त्याच घराचा एक भाग आहे. दुसऱ्या पत्त्यात `incometax.gov.in` हे शब्द दिसतात खरे, पण रेघेच्या आधी शेवटी `example.com` आहे, म्हणून मालक तो आहे. तिसऱ्यात टिंबांच्या जागी आडव्या रेघा टाकल्या आहेत. चौथ्यात `@` च्या आधीच्या मजकुराला काहीच अर्थ नसतो, ब्राउझर जातो `example.com` वरच. मोबाइलवर पत्त्याची पट्टी आखूड असल्याने लांब पत्त्याचा थोडाच भाग दिसतो. पट्टीवर बोट ठेवले की पूर्ण पत्ता उघडतो. व्हॉट्सॲप किंवा ईमेलच्या आतच उघडणाऱ्या पानावर ही पट्टी कधी कधी धड दिसतही नाही, आणि दुवा तिथून न उघडण्याचे तेही एक कारण आहे.

पत्त्याजवळच्या कुलपाच्या खुणेवर मात्र भरवसा ठेवू नये. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण मध्येच कुणी वाचू शकत नाही, एवढेच ती खूण सांगते. ते संकेतस्थळ ठकसेनाचे असेल तर त्याच्यापर्यंतही माहिती सुरक्षितच पोहोचते.

पोर्टलवर काम करताना पत्ता अधूनमधून बदलतो आणि नवखे त्याने दचकतात, म्हणून हेही आधीच माहीत असावे. मुख्य पान `www.incometax.gov.in` वर असते. लॉगिनचे बटण दाबल्यावर आपण `eportal.incometax.gov.in` वर जातो. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडताना `insight.gov.in` वर आणि आपल्या नावावर कापलेल्या व भरलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म २६एएस पाहताना `tdscpc.gov.in` वर नेले जाते. या सर्व पत्त्यांचा शेवट `gov.in` असाच आहे आणि तिथे आपण पोर्टलच्या आतूनच गेलेलो असतो.

पोर्टलवर जाण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे संदेश किंवा ईमेल बंद करणे. तो खरा असो वा खोटा, त्यातला दुवा उघडू नये आणि त्यातील क्रमांकावर फोनही करू नये. विभागाच्या खऱ्या ईमेलमध्येही कधी कधी दुवे असतात, आणि नागरिकांनी दुवे उघडू नयेत असे सांगणाऱ्या कार्यालयांनी दुवेच पाठवू नयेत असे माझे मत आहे. पण ते बदलणे आपल्या हातात नाही. पोर्टलवर स्वतः गेल्यावर तेच काम होते, त्यामुळे खरा दुवा सोडून दिल्याने काहीही बुडत नाही.

दुसऱ्या पायरीत नेहमीचा ब्राउझर उघडून पत्त्याच्या पट्टीत `www.incometax.gov.in` स्वतः टंकलिखित करावे. 'इन्कम टॅक्स रिफंड' असे शोधयंत्रात टाकून पहिला निकाल उघडू नये, कारण वरचे निकाल जाहिरातीचे असू शकतात आणि जाहिरात विकत घेता येते. मदत केंद्राचा क्रमांकही शोधयंत्रातून घेऊ नये, तो पोर्टलच्या पानावरून घ्यावा. पान उघडल्यावर वर सांगितल्याप्रमाणे पत्ता उलट वाचावा आणि मग त्या पानाची खूण ब्राउझरमध्ये साठवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी टंकलेखनात अक्षर चुकण्याचा धोका राहत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही खूण कुणीतरी एकदा बसवून द्यावी.

तिसरी पायरी लॉगिनची. `Login` दाबल्यावर वापरकर्ता म्हणून आपला पॅन भरावा लागतो. पुढच्या पानावर, नोंदणीच्या वेळी आपण स्वतः लिहून ठेवलेला वैयक्तिक संदेश `secure access message` या नावाने दिसतो. तो आपलाच असल्याची खूण करून मग पासवर्ड द्यायचा असतो. हा संदेश दिसला नाही किंवा भलताच दिसला तर तिथेच थांबावे. मात्र तो बरोबर दिसला म्हणजे पान खरेच आहे असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण खऱ्या पोर्टलवर पॅन टाकताच तो दिसतो आणि आपण बनावट पानावर दिलेला पॅन वापरून ठकसेनही तो तिथून आणू शकतो. शेवटचा निर्णय पत्त्यावरच करावा लागतो.

चौथी पायरी रिफंड पाहण्याची. आत गेल्यावर `e-File`, त्यात `Income Tax Returns` आणि त्यात `View Filed Returns` अशा क्रमाने जावे. भरलेली विवरणपत्रे वर्षवार दिसतात. त्या वर्षासमोरील `View Details` उघडले की विवरणपत्र कधी भरले, कधी सत्यापित झाले, छाननी पूर्ण झाली की नाही आणि रिफंड निघाला की नाही, हे तारखांसह एकाखाली एक दिसते. सांगलीच्या बाईंनी ऑगस्टमध्ये हे पान उघडले असते तर त्यांना विवरणपत्र सत्यापित झाल्याची नोंद दिसली असती आणि छाननीची नोंद अजून दिसली नसती. छाननीच झालेली नसताना रिफंड मंजूर होऊ शकत नाही, म्हणून संदेश खोटा, हे त्यांना तिथेच ठरवता आले असते. रिफंड खात्यात यायला साधारणपणे चार ते पाच आठवडे लागतात असे पोर्टलवर म्हटले आहे, आणि पाठवणारे याच वाट पाहण्याच्या काळावर डोळा ठेवून असतात.

बँक खात्याची अडचण खरी असेल तर

बनावट संदेश इतका चालतो याचे एक कारण असे की बँक खात्यामुळे रिफंड अडकणे ही गोष्ट खरोखर घडते. खाते बंद झालेले असते, बँकेतील आणि पॅनवरील नाव जुळत नाही, किंवा आयएफएससी बदललेला असतो. मुंबईत मुख्यालय असलेली देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि मार्च २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी बंद झाले; महाराष्ट्रात आणि गुजरातेत अशी खाती असणाऱ्यांना पोर्टलवर खात्याचा तपशील नव्याने भरावा लागला. अशा वेळी 'बँक खाते दुरुस्त करा' ही सूचना अगदी स्वाभाविक वाटते.

खरी दुरुस्ती मात्र लॉगिन केल्यानंतरच करता येते. `My Profile` मध्ये `My Bank Account` उघडावे. तिथे आपली खाती आणि प्रत्येकाची स्थिती दिसते. नवीन खाते जोडताना खाते क्रमांक, खात्याचा प्रकार आणि आयएफएससी भरावा लागतो. पोर्टल तो तपशील बँकेकडून पडताळून घेते. कार्डाचा क्रमांक, पिन किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड या तक्त्यात विचारला जात नाही. खाते प्रमाणित झाल्यावर रिफंडसाठी त्याची निवड करण्याची सोय त्याच पानावर आहे. रिफंड पाठवूनही परत गेला असेल तर विवरणपत्राच्या तपशिलात तशी नोंद दिसते, आणि मग `Services` मध्ये `Refund Reissue` निवडून तो पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागते. या विनंतीसाठी कोणतेही शुल्क नाही, म्हणून रिफंड सोडवण्यासाठी आधी थोडी रक्कम भरा असे कुणी सांगितल्यास ते ऐकू नये.

संदेशाऐवजी विभागाच्या नावाची नोटीस जोडून ईमेल आला असेल, तर तिची परीक्षा करण्याची वेगळी सोय आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असणे आवश्यक आहे. पोर्टलच्या मुख्य पानावर, लॉगिन न करताही, `Authenticate Notice/Order Issued by ITD` या ठिकाणी तो क्रमांक आणि आपला मोबाइल क्रमांक देऊन ते पत्र विभागाने काढले आहे की नाही ते पाहता येते.

पोर्टलवर एकदा नीट पोहोचलोच आहोत, तर `My Profile` मधील `e-Filing Vault Higher Security` ही सोय चालू करून घ्यावी. तिच्यामुळे पासवर्डानंतर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपी किंवा नेटबँकिंगद्वारे प्रवेश अशी दुसरी अट घालता येते, आणि पासवर्ड बदलण्यासाठीही तशीच अट ठेवता येते. पासवर्ड कुणाच्या हाती गेला तरी केवळ त्यावर आपल्या खात्यात शिरता येत नाही. आपले विवरणपत्र सल्लागार भरून देत असतील तर ही सोय चालू करण्याआधी त्यांना सांगावे, नाहीतर त्यांनाच प्रवेश मिळणार नाही.

माहिती भरून बसलो असल्यास

कोणती माहिती गेली यावर पुढचा क्रम ठरतो. कार्डाचा तपशील, पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर सर्वांत आधी बँकेच्या कार्डामागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घ्यावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि `cybercrime.gov.in` वर तिची नोंद करावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकत जातात, आणि ते कुठेतरी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिल्यामुळे झालेले नुकसान तो बँकेला कळवेपर्यंत त्याच्याच माथी असते, आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणून फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

ॲप उतरवले असेल तर आधी फोनचे इंटरनेट बंद करावे आणि बँकेला फोन दुसऱ्या फोनवरून करावा. पासवर्ड त्याच फोनवरून बदलू नयेत, कारण नवा पासवर्डही ॲप वाचू शकते. ॲप काढून टाकल्यावरही फोनवरील आवश्यक छायाचित्रे वगैरे जपून फोन मूळ स्थितीला नेणे अधिक सुरक्षित ठरते. तक्रारीसाठी संदेशाचे, पानाचे आणि ॲपच्या नावाचे स्क्रीनशॉट मात्र त्याआधी घेऊन ठेवावेत.

पोर्टलचा पासवर्ड दिला असेल तर तो सुरक्षित उपकरणावरून बदलून `My Profile` मधील मोबाइल क्रमांक, ईमेल आणि बँक खाती आपलीच आहेत ना हे तपासावे. तिथे अनोळखी खाते जोडलेले दिसले तर ते काढावे आणि पोर्टलवरील मदत केंद्राला कळवावे. केवळ पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक गेला असेल तर पैसे लगेच जात नाहीत, पण ती माहिती वापरून अधिक पटणारा फोन येतो. 'आपला पॅन अमुक, जन्मतारीख अमुक' असे सांगणारा माणूस त्यामुळे कार्यालयातला ठरत नाही. आपल्या पॅनवर कुणी कर्ज घेतले आहे का, हे काही महिन्यांनी पतअहवालात पाहून घ्यावे.

ईमेल बनावट असल्याचे लक्षात आले आणि काहीही भरले नसेल, तर तो पुसून टाकण्याआधी `webmanager@incometax.gov.in` या पत्त्यावर पुढे पाठवावा आणि त्याची प्रत `incident@cert-in.org.in` ला द्यावी. केवळ मजकूर कापून न पाठवता मूळ ईमेल जोडून पाठवला तर तो कोणत्या सर्व्हरवरून निघाला याची नोंद त्यासोबत जाते. एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवरील संदेश असेल तर दूरसंचार विभागाच्या `sancharsaathi.gov.in` या संकेतस्थळावरील 'चक्षू' या सोयीत तो कळवता येतो. तिथे संदेशाचा स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक आणि तो आल्याची वेळ द्यावी लागते.